अलीकडे म्हणजे कुठून?

रुग्णांना घरी लागणारं सामान भाड्याने पोचवण्याच्या कामात बरीच वर्षं गेली की शहराकडे बघायची नजर बदलते. लोखंडी खाट, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळं जड आणि सगळं तातडीचं. ज्या घरी न्यायचं ते घर आपण कधी पाहिलेलं नसतं, फोनवर पत्ता सांगणारा माणूस काळजीत असतो आणि टेम्पो चालवणारा मुलगा बहुधा पुण्यात नवा असतो. भरलेला सिलिंडर बोळातून ढकलत नेल्यावर ‘अहो, इथे नाही, त्या पलीकडच्या बोळात’ असं कोणी म्हटलं की पत्ता नीट सांगण्याची किंमत खांद्यांना कळते. या कामात रस्ता विचारणं आणि सांगणं हाच निम्मा धंदा असतो. लोकांची समजूत अशी की पत्ता सांगणाऱ्याला माहिती कमी असते, किंवा ऐकणाऱ्याचं लक्ष नसतं, म्हणून माणूस चुकतो. मला ते पटत नाही. सांगणारा बहुधा जन्मभर त्याच पेठेत राहिलेला असतो आणि ऐकणारा जिवाचा कान करून ऐकत असतो. गोंधळ होतो तो खुणांच्या दोन जातींची सरमिसळ झाल्यामुळे. काही खुणा विचारायच्या असतात, काही बघायच्या. विचारायची खूण डोळ्यांनी शोधत बसलं, किंवा बघायची खूण दुसऱ्याला विचारत सुटलं, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

विचारायच्या खुणांच्या बाबतीत पुणं फार श्रीमंत आहे. संभाजी पुलाला सगळं गाव लकडी पूल म्हणतं, आणि त्या पुलात लाकूड औषधालाही नाही. शनिवारवाड्याकडून शिवाजीनगरला जाणारा पूल १९२३ सालचा. त्याने शंभरी ओलांडली तरी तो नवा पूलच. पाटीवर टिळक चौक असलं तरी रिक्षावाल्याला अलका टॉकीजचा चौक सांगावा लागतो. नळ स्टॉपला उतरून कोणी नळ शोधू नये आणि स्वारगेटला गेट शोधू नये. देवळांचं तर विचारूच नका. पेठांत मारुती इतके आहेत की ‘मारुतीच्या देवळाजवळ’ या पत्त्याला काही अर्थ राहत नाही, म्हणून लोकांनी प्रत्येकाला विशेषण चिकटवलं: पत्र्या, जिलब्या, पावट्या, भिकारदास. विठोबा उपाशी आणि पासोड्या, मुरलीधर खुन्या, गणपती चिमण्या. बाहेरगावच्या माणसाला ही थट्टा वाटते, पण पत्ता म्हणून ही नावं पक्की असतात. ती फोनवर ऐकताना चुकत नाहीत, दुसऱ्या कशाशी जुळत नाहीत, आणि कोणाही जुन्या माणसाला विचारली की हात आपोआप योग्य दिशेला वर होतो. विचारायच्या खुणेकडून एवढंच हवं असतं. ती वस्तू जागेवर असली पाहिजे असंही नाही. ती लोकांच्या तोंडात असली की पुरे. पाडलेलं थिएटर, बंद पडलेलं हॉटेल, बुजवलेला हौद या खुणा म्हणूनच वर्षानुवर्षं चालतात. नव्या माणसाने त्यांच्याकडे बघायचं नसतं, त्यांच्याबद्दल विचारायचं असतं.

घोटाळा होतो तो सांगणारा हीच खूण शेवटच्या वळणासाठी वापरतो तेव्हा. ‘पूर्वी तिथे गिरणी होती ना, तिथून डावीकडे’ हे वाक्य पेठेत वाढलेल्याला पुरतं, टेम्पोवाल्या मुलाला नाही. शेवटच्या दोनशे पावलांत विचारायला वेळ नसतो, मागून हॉर्न वाजत असतात, आणि वळण डोळ्यांनीच पकडावं लागतं. तिथे बघायची खूण लागते, आणि तिच्या अटी कडक असतात. एक तर ती वळणाच्या आधी दिसली पाहिजे. वळणाच्या पुढे वीस पावलांवर असलेली बँक काही उपयोगाची नाही, कारण ती दिसेपर्यंत बोळ मागे पडलेला असतो. दुसरं, ती येणाऱ्याच्या बाजूने दिसली पाहिजे. दुकानाची पाटी एकाच बाजूने रंगवलेली असेल तर उलट्या दिशेने येणाऱ्याला नुसता गंजका पत्रा दिसतो. तिसरी अट वेळेची. दुपारी एक ते चार या वेळात पेठेतल्या दुकानाची खूण द्यायची म्हणजे बंद शटरांच्या रांगेतलं एक शटर ओळखायला सांगायचं. वडापावची गाडी संध्याकाळी लागते आणि सकाळी तिचा मागमूस नसतो. रात्री देवळाचा कळस दिसत नाही, पण मेडिकलचा हिरवा दिवा दिसतो. भाद्रपदात मांडव पडले की निम्म्या खुणा मांडवामागे जातात आणि उरलेल्या रस्त्यांवर वाहन जात नाही. माझा अनुभव असा की शेवटच्या खुणेला प्रसिद्ध जागा क्वचितच लागू पडते. विजेची डीपी, बोळाच्या तोंडाशी असलेलं पिंपळाचं झाड, इस्त्रीवाल्याची टपरी, पुनर्विकासाला निघालेल्या वाड्याभोवतीचे निळे पत्रे, अशा कोणीही पत्त्यात न लिहिणाऱ्या गोष्टी माणसाला दारात आणून सोडतात. पत्रे वर्षा-दोन वर्षांत निघतात, हे खरं. म्हणून बघायची खूण ताजी असावी लागते, विचारायची खूण जितकी जुनी तितकी चांगली.

एक उदाहरण पूर्ण उलगडून बघू. घर समजा बाजीराव रस्त्यावर, विश्रामबागवाड्याजवळच्या एका बोळात आहे. घरातले आजोबा फोनवर सांगतात, ‘विश्रामबागवाड्याच्या जरा अलीकडे बोळ आहे, त्यात दुसरा वाडा.’ वाक्य निर्दोष वाटतं. आता पुण्याचा भूगोल त्याखाली ठेवून बघा. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकमेकांना समांतर, आणि वर्षानुवर्षं दोन्ही एकेरी. बाजीराव रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे चढतो, शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून खाली येतो. आमचा टेम्पो स्वारगेटकडून आला तर त्याला आधी शनिपार लागेल, मग विश्रामबागवाडा, मग लक्ष्मी रस्त्याचा चौक, मग अप्पा बळवंत चौक आणि त्यानंतर शनिवारवाडा. या टेम्पोच्या लेखी वाड्याच्या अलीकडे म्हणजे शनिपारच्या बाजूला. पण त्याच घरी येणारी नर्स मेट्रोने मंडईला उतरली आणि तिथून लक्ष्मी रस्त्याने चालत बाजीराव रस्त्याच्या चौकात आली, तर ती डावीकडे वळून वाहनांच्या उलट दिशेने बाजीराव रस्ता उतरते. तिला आधी लक्ष्मी रस्त्याचा चौक लागतो, मग विश्रामबागवाडा. तिच्या लेखी अलीकडे म्हणजे लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला. टेम्पोला वाडा डाव्या हाताला दिसतो, नर्सला उजव्या. एकच वाक्य, दोन माणसं, दोन वेगळे बोळ, आणि दोघांनीही सांगितल्याप्रमाणेच केलेलं असतं. आजोबा कुठल्या बाजूने बोलत होते? ते बहुधा रोज सकाळी मंडईत जाऊन लक्ष्मी रस्त्याने परत येतात, म्हणजे त्यांची ‘अलीकडे’ लक्ष्मी रस्त्याची. नर्स पोचेल, टेम्पो चुकेल. आणि एकेरी रस्त्यावर चुकलेला टेम्पो मागे येऊ शकत नाही. त्याला शनिवारवाड्यापर्यंत वर जाऊन, वळसा घालून, शिवाजी रस्त्याने खाली येऊन पुन्हा वर चढावं लागतं. पुढे आलोय हे त्याला कोणी सांगितलेलंही नसतं, म्हणून वळसा घालायचा हे कळायलाही वेळ जातो.

तोच पत्ता टेम्पोसाठी नीट सांगायचा तर असा होईल: ‘स्वारगेटकडून येताय ना? शनिपार विचारत या. तो ओलांडला की डावी बाजू धरून हळू चला. विश्रामबागवाडा डावीकडे दिसतो, लाकडी कोरीवकामाचा, चुकायचा नाही. तो पूर्ण मागे पडू द्या. मग डावीकडे डीपी दिसेल, तिच्या लगेच पुढचा बोळ. लक्ष्मी रस्त्याचा चौक लागला तर तुम्ही पुढे गेलात.’ यात शनिपार ही विचारायची खूण आहे, तिथवर कोणीही पोचवेल. डीपी ही बघायची खूण, ती कोणाला विचारायची नाही. अलीकडे हा शब्द नाही. त्याऐवजी ‘मागे पडू द्या’ आणि ‘पुढचा’ आहे, म्हणजे सगळं येणाऱ्याच्या चालीच्या क्रमाने आहे. आणि सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं. लक्ष्मी रस्त्याचा चौक ही हद्द झाली. हद्दीची खूण नसेल तर माणूस चुकल्यावरही ‘अजून थोडं पुढे असेल’ म्हणत जातच राहतो. हद्द सांगितली की चूक एका चौकाच्या आत उमगते. शेकडो पत्ते ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की शंभरातल्या नव्वद माणसांना वाट सांगता येते, हद्द सांगायचं सुचत नाही. सांगणारा स्वतः कधी घराच्या पुढे गेलेला नसतो, त्यामुळे पुढे काय लागतं हे त्याच्या डोक्यात येत नाही.

अंतराची भाषा हा याच घोटाळ्याचा दुसरा भाग. गावाकडे हाकेच्या अंतरावर म्हटलं की त्याला मोजमाप होतं; मोकळ्या रानात हाक जिथवर पोचते तिथवर. शहरात हाक दहा पावलांवरच्या माणसाला ऐकू जात नाही, तरी शब्द टिकला. त्याच्या जोडीला ‘जवळच आहे’, ‘हे काय, इथेच’, ‘जरा पुढं’, ‘पाच मिनिटं’ आणि ‘सरळ नाकासमोर’ हे आले. यातल्या एकालाही मोजून अर्थ लावता येत नाही, पण प्रत्येकात सांगणाऱ्याची एक गोष्ट कळते. ‘पाच मिनिटं’ म्हणणाऱ्याच्या पायात चप्पल आहे की हातात दुचाकीची किल्ली, हे आधी बघावं. दुचाकीची पाच मिनिटं चालणाऱ्याला अर्धा तास होतात. ‘जवळच आहे’ हे बहुतेक वेळा अंतर नसून धीर असतो. सामान घेऊन घामाघूम झालेल्याला कोणी लांब आहे असं सांगत नाही, माणुसकी आड येते. ‘जरा पुढं’ म्हणजे सांगणाऱ्याला नेमकं माहीत नाही, पण दिशा माहीत आहे. ‘सरळ नाकासमोर’ हे सगळ्यात धोक्याचं, कारण पेठेतला रस्ता सरळ नसतोच. तो हलकेच वाकतो, दोन फाटे फुटतात, आणि ज्याला रोजचा फाटा सरळ वाटतो त्याला आपण वळतोय हेच जाणवत नाही. म्हणून अंतर मिनिटांत किंवा मीटरमध्ये विचारण्यापेक्षा मोजता येणाऱ्या गोष्टींत विचारावं: किती चौक सोडायचे, किती सिग्नल, किती बोळ. तिथेही एक मेख आहे. ‘तिसऱ्या चौकात’ म्हणताना उभा आहे तो चौक धरायचा की नाही, हे दोघांचं वेगळं असू शकतं. ‘हा सोडून तिसरा ना?’ हा एक जादा प्रश्न विचारायला काही पडत नाही. सिग्नल मोजायचे तर बंद पडलेला सिग्नलही धरायचा, आणि छोट्या गल्लीला चौक म्हणायचं की नाही तेही ठरवून घ्यायचं. ‘दोन चौक सोडून’ हे ‘सातशे मीटर’पेक्षा जास्त उपयोगी आहे असं मी म्हणतो ते याच भरवशावर की मोजायची वस्तू दोघांनी आधी एकच ठरवली आहे.

कोणाला विचारावं यात लोकांचा पहिला कौल रिक्षावाल्याला असतो. वाहनाने जायचं असेल तर ठीक आहे. पायी जाणाऱ्याला मात्र रिक्षावाला एकेरी रस्त्यांच्या हिशेबाने लांबचा वळसा सांगतो, कारण त्याच्या डोक्यातला नकाशा चाकांचा आहे. बसथांब्यावर उभा असलेला माणूस तुमच्याइतकाच नवखा असू शकतो. मोठ्या इमारतीचा रखवालदार बऱ्याचदा दूरच्या जिल्ह्यातून आलेला असतो आणि त्याला आपलं फाटक सोडून काही ठाऊक नसतं. यात त्याचा दोष नाही. ज्याचं काम दारोदार जाण्याचं आहे तो खरा जाणकार: इस्त्रीवाला, पेपर टाकणारा, दूधवाला, घरपोच औषधं देणाऱ्या मेडिकलमधला मुलगा, आणि दुपारच्या आत भेटला तर पोस्टमन. किराणा दुकानदाराला आडनावावरूनही घर सांगता येतं, पण गिऱ्हाईक असताना त्याला विचारू नये. पुण्यातल्या दुकानांवर ‘येथे पत्ता विचारू नये’ अशा पाट्या लागतात त्याची टिंगल होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिवसाकाठी किती जण तोच प्रश्न विचारत असतील याचा विचार केला तर मला ती पाटी वाजवी वाटते. रुपयाची चॉकलेटची गोळी घेऊन मग विचारलं तर पाटी असलेलाही सांगतो, हे जाता जाता.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. ‘मंडईला हाच रस्ता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येण्याचीच शक्यता जास्त, कारण समोरचा माणूस घाईत असतो आणि होकार देणं सोपं असतं. तेच ‘हा रस्ता कुठे निघतो?’ किंवा ‘मंडईला कसं जाऊ?’ असं विचारलं तर त्याला डोक्यात रस्ता चालून बघावा लागतो. उत्तराआधी काय होतं ते पाहिलं की माहीत असणारा ओळखता येतो. तो आधी उलटा प्रश्न करतो: ‘कुठलं, बँकेवरचं का?’ मग शरीराने वळून उभा राहतो आणि हात एका ठिकाणी रोखतो, पुढे दुसरीकडे रोखतो. त्याचा हात वळणं घेतो. ज्याला माहीत नाही त्याचा हात पंख्यासारखा समोर फिरतो आणि शब्द असतात ‘असं पुढे जा, तिकडेच कुठंतरी’. असा माणूस खोटं बोलत नसतो. परक्याला नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून वाटेला लावणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं, म्हणून तो जेवढं आहे तेवढं देतो. त्याला सोडून तिथल्या तिथे दुसऱ्याला विचारू नये; पहिल्याला राग येतो आणि दोघांत वाद सुरू झाला तर तिसरी वाट निघते. दिशेवर विश्वास ठेवावा, एक चौक पुढे जावं आणि तिथे विचारावं. ‘पुढे विचारा’ या दोन शब्दांची लोक चेष्टा करतात, पण मला ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं. जो जवळचं सांगू शकतो त्याच्यापर्यंत तुम्हाला पोचवायचं काम ते करतं. अनोळखी शहरात संपूर्ण रस्ता एकाच माणसाकडून घेण्याचा हट्ट सोडावा. चौथ्या वळणानंतरचं काही कोणाच्या लक्षात राहत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: मोबाईलवर नकाशा असताना हे सगळं कशाला? नकाशा आम्हीही वापरतो आणि त्याच्याशिवाय आजचं काम अशक्य आहे. त्याने मोठा टप्पा सोपा केला. पूर्वी चौकाचौकाला विचारत जावं लागायचं ते गेलं. पण तो विचारायच्या खुणेची जागा घेतो, बघायच्या खुणेची नाही. उंच इमारतींच्या मधल्या बोळात उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या बोळात सरकतो. पेठेत शेजारचा बोळ म्हणजे कधी कधी संपूर्ण वळसा. मंडईच्या भुयारी स्थानकातून वर आलेला माणूस उभा असताना फोनला त्याचं तोंड कुठे आहे ते पक्कं कळत नाही, आणि फोन मात्र उत्तरेकडे चालायला सांगतो. त्याला दोन-चार पावलं कुठेही टाकून बाण कसा फिरतो ते बघावं लागतं, किंवा मंडईचं जुनं दगडी बांधकाम कुठे आहे ते पाहून त्यावरून स्वतःला लावून घ्यावं लागतं. सोसायटीची खूण नकाशावर मागच्या भिंतीला लागलेली असते आणि फाटक पलीकडच्या रस्त्यावर. उड्डाणपुलावरून जायचं की खालून, हे चुकलं की पुढचा अर्धा किलोमीटर कळत नाही. जिन्याची रुंदी आणि लिफ्ट आहे की नाही हे तर नकाशाच्या गावीही नसतं, आणि खाट न्यायची असेल तर सगळं त्यावरच अडतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शहाण्या शहरात रस्त्यांना नावं, घरांना ओळीने नंबर असावेत. खुणांवर पत्ता सांगावा लागतो हे आपल्या अव्यवस्थेचं लक्षण आहे, त्याचं कौतुक कसलं? हे बरंचसं खरं आहे. पेठांतले घरांचे आकडे सिटी सर्व्हेचे आहेत. जमीन मोजताना ज्या क्रमाने मोजली त्या क्रमाने पडले, रस्त्यावरून चालणाऱ्याच्या क्रमाने नाही. केसरीवाडा म्हणजे ५६८ नारायण पेठ, हे सगळ्या पुण्याला पाठ आहे, पण नारायण पेठेत ५६० पासून मोजत गेलात तर पोचालच असं नाही. ओळीने नंबर पडले तर मी आनंदाने माझं मत बदलीन. मात्र वरून दिलेला आकडा लोकांच्या तोंडात बसायला वेळ लागतो, आणि बसला तरी शेवटचं काम उरतंच. पिनकोडचंच बघा. ती पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, संस्कृतचे मोठे कवी. आज लहान मुलालाही आपला पिनकोड पाठ असतो. पण ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेच्या टपाल कार्यालयापर्यंत पोचतं; पुढे पोस्टमनची माहिती लागते. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला, दहा अक्षरांचा, साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोन दाखवणारा. दुर्गम वस्तीत रुग्णवाहिका बोलावायला त्याचा मोठा उपयोग होईल. चौकोन कळला तरी त्या चौकोनात शिरायचं दार कुठल्या बोळात आहे, हे मात्र माणसानेच सांगायचं.

हा सगळा पुण्याचाच रोग आहे, असंही कोणी म्हणेल. मुंबईकर तर म्हणतोच, आणि त्याचं थोडं बरोबर आहे. मुंबईला रेल्वेने उभा कणा दिला. दादर पूर्व की पश्चिम, एवढं विचारलं की अर्धी चूक जागेवर टळते, कारण पूर्व-पश्चिम बोलणारा कुठून येतोय त्याप्रमाणे बदलत नाही. स्टेशनवर उतरून कुठल्या पुलाने, कुठल्या बाजूला, हे ठरलेलं असतं. पुण्यात असा कणा नाही. नदी आहे, पण पूल इतके की ती अडवत नाही. म्हणून पुण्यात येणाऱ्याची दिशा दर वेळी विचारून घ्यावी लागते. मुंबईतही स्टेशन मागे पडून माणूस चाळींच्या गल्लीत शिरला की पुन्हा तोच वाण्याच्या दुकानाचा आणि नळाचा पत्ता सुरू होतो, आणि ‘जरा पुढं’ तिथेही तितकंच फसवं असतं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात आजारी किंवा वयस्क माणूस असेल तर फोनजवळ एक कागद चिकटवून ठेवा. त्यावर पिनकोडसह पूर्ण पत्ता असू द्या, पण खाली ओळी लिहा त्या अशा: कुठल्या बाजूने येणाऱ्याने कुठला चौक विचारायचा, वळणाच्या आधी उजवीकडे किंवा डावीकडे काय दिसतं, आणि काय दिसलं म्हणजे पुढे आलात. दोन बाजूंनी येता येत असेल तर दोन्ही बाजूंचं वेगळं लिहा. बोळात टेम्पो येतो का, नसेल तर कुठे थांबवायचा, जिना किती रुंद आहे, तेही लिहा. कागद तयार झाला की घर न पाहिलेल्या एखाद्या माणसाला तो वाचून दाखवा आणि रात्रीच्या वेळी त्याला त्यावरून यायला सांगा. तो जिथे अडखळेल ती ओळ बदला. दर वर्षी दिवाळीत घर आवरताना बाहेर जाऊन लिहिलेली खूण अजून तिथे आहे का तेवढं बघा. रात्री दोनला ऑक्सिजन मागवायची वेळ आली तर फोनवर बोलणारा कदाचित तुमचा घाबरलेला नातू असेल, आणि त्याने ‘अलीकडे’ म्हणण्याऐवजी तो कागद वाचून दाखवला तर आमचा टेम्पो पहिल्या खेपेला दारात येईल.